उणे दोन वर्षांचा मुलगा

कोपरीत आमच्या क्लासची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली पोळीभाजी केंद्र. संध्याकाळी सातला खालून फोडणीचा वास येतो आणि पोलीस भरतीच्या बॅचचं अर्धं लक्ष उडतं. ही मुलं सकाळी मैदानावर धावून आलेली असतात, दिवसभर कुठेतरी काम करतात आणि मग माझ्यासमोर अंकगणिताला बसतात. भूक लागणारच.

गोष्ट जुलैतल्या एका शनिवारची. दुपारपासून पाऊस कोसळत होता, लोकल रखडल्या होत्या, चोवीसपैकी नऊ जण आले. एवढ्यांसाठी नवा धडा सुरू करण्यात अर्थ नव्हता. म्हणून वयवारीचा सराव संच काढला आणि शेवटचं गणित सोडवायला दिलं. माझं आवडतं गणित. निदान त्या दिवसापर्यंत तरी होतं.

गणित असं: आई, वडील, मुलगी आणि मुलगा अशा चौघांच्या कुटुंबात आज सर्वांच्या वयांची बेरीज ९९ वर्षे आहे. वडील आईपेक्षा ४ वर्षांनी मोठे आहेत, मुलगी मुलापेक्षा ५ वर्षांनी मोठी आहे. ५ वर्षांनंतर वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. ८ वर्षांपूर्वी कुटुंबातील सर्वांच्या वयांची बेरीज ६७ वर्षे होती. तर प्रत्येकाचे आजचे वय किती?

पहिला हात वर झाला तो मुलुंडहून येणाऱ्या एका मुलाचा. उत्तर सांगितलं: मुलगी साडेतेरा, मुलगा साडेआठ, वडील साडेचाळीस, आई साडेछत्तीस. साडेतेरा ऐकून दोघं हसले. मी हसू दिलं नाही, कारण साडेतेरा वर्षांची मुलगी असू शकते. वय अपूर्णांकात आलं एवढ्यावरून उत्तर चुकलं असं म्हणता येत नाही. मी म्हटलं, ताळा कर.

त्याने केला. बेरीज ९९ बरोबर. वडील आईपेक्षा चारने मोठे, मुलगी मुलापेक्षा पाचने, तेही बरोबर. आठ वर्षांपूर्वी वडील साडेबत्तीस, आई साडेअठ्ठावीस, मुलगी साडेपाच, मुलगा अर्ध्या वर्षाचा. बेरीज सदुसष्ट. झकास. मग पाच वर्षांनंतरचं वाक्य राहिलं. तिथे त्याने स्वतःच्या वहीतलं समीकरण घेतलं, मुलीच्या वयाला क्ष मानून मांडलेलं: वडील + ५ = ३क्ष + ५. डावीकडे साडेपंचेचाळीस, उजवीकडे साडेचाळीस अधिक पाच, म्हणजे साडेपंचेचाळीस. ‘‘जुळलं, सर.’’

जुळणारच होतं. उत्तर त्याच समीकरणातून काढलेलं होतं, ते त्याच समीकरणात घातलं की जुळेल नाहीतर काय? कंस राहून गेला होता. पाच वर्षांनी मुलगीही पाच वर्षांनी मोठी होते, म्हणून तिप्पट होते ती क्ष + ५ ची. ही चूक दर बॅचला होते, त्यामुळे ती पकडायला मला वेळ लागला नाही. त्याला म्हटलं, वही बंद कर, पेपरातलं वाक्य वाच आणि पाच वर्षांनंतरची वयं बोटांवर मोज. वडील साडेपंचेचाळीस. मुलगी साडेअठरा. तिची तिप्पट साडेपंचावन्न. त्याचा चेहरा उतरला.

मग मी फळ्यावर कंसासह सोडवून दाखवलं. मुलगी क्ष, मुलगा क्ष − ५. वडील + ५ = ३(क्ष + ५), म्हणून वडील ३क्ष + १०. आई त्यांच्यापेक्षा चारने लहान, ३क्ष + ६. चौघांची बेरीज ८क्ष + ११ = ९९, म्हणून क्ष = ११. मुलगी ११, मुलगा ६, वडील ४३, आई ३९. पाच वर्षांनंतर वडील ४८, मुलगी १६, बरोबर तिप्पट. आठ वर्षांपूर्वी चौघांची प्रत्येकी आठ वर्षं कमी, एकूण बत्तीस, नव्व्याण्णवातून बत्तीस गेले सदुसष्ट. बरोबर. खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

‘‘सर, माझं नाही जुळत.’’

कळव्याहून येणारी ही मुलगी क्वचितच बोलते. तिची वयंही ११, ६, ४३, ३९ हीच होती. मग न जुळण्यासारखं काय, म्हणून मी तिच्या बाकाशी गेलो. तिने वहीत तीन रकाने आखले होते: आठ वर्षांपूर्वी, आज, पाच वर्षांनंतर. खाली चार ओळी, माणसागणिक एक. बत्तीस एकदम वजा करण्याऐवजी तिने एकेकाचं वय लिहीत नेलं होतं. वडील ३५, आई ३१, मुलगी ३. आणि मुलाच्या ओळीत उणे २ लिहून त्यावर प्रश्नचिन्ह.

‘‘वय उणे दोन कसं असेल?’’

मी तोंड उघडलं ते ‘बेरजेत चालतं’ असं काहीतरी सांगायला. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, ‘‘तेव्हा तो जन्मलाच नसेल ना. आमच्या रेशनकार्डावर पण धाकट्याचं नाव मागाहून चढवलंय. त्याच्या आधी घरात तीनच माणसं.’’

म्हणजे आठ वर्षांपूर्वी कुटुंबात तिघं. ३५, ३१ आणि ३. बेरीज ६९. पेपरात ६७.

मुलुंडवाला लगेच सरसावला. त्याच्या उत्तरात कुणीही उणे नव्हतं आणि सदुसष्टही जुळत होतं, मग त्याचंच बरोबर का नाही? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर भूतकाळात टिकत होतं आणि भविष्यकाळात पडत होतं. तिचं भविष्यकाळात टिकत होतं आणि भूतकाळात पडत होतं. फळ्यावर दोन्ही शेजारी लिहिली तेव्हा मला घाम फुटला, कारण त्याचा अर्थ एकच होता. आजची बेरीज, दोन फरक आणि पाच वर्षांनंतरची तिप्पट, या चार गोष्टींतून चार वयं पक्की ठरतात, दुसरं उत्तर निघायला जागाच उरत नाही. आणि ते एकमेव उत्तर पाचव्या वाक्यात बसत नाही. छापलेल्या गणिताला उत्तरच नव्हतं.

पाच मिनिटांची सुट्टी दिली आणि कपाटातली जुनी वही काढली. या क्लासमध्ये माझ्या आधी शिकवणाऱ्या सरांची ती, निळ्या शाईतली. सराव संच मी तिच्यावरूनच टाइप केला होता. गणित सापडलं. त्यात ६९ होतं. आणि त्याशेजारी पेन्सिलीने, माझ्या अक्षरात: ‘चूक. ९९ − ३२ = ६७.’

आठवलं सगळं. टाइप करताना मी पहिल्यांदा काय केलं असेल तर चार गुणिले आठ. गणित सोडवायच्या आधीच. आकडा दोनने चुकलेला दिसला, छपाईची चूक म्हणून सुधारून टाकला. त्या सरांनी मुद्दाम ठेवलेली ती दोन वर्षं मी खोडून काढली होती, आणि त्यानंतर दोन बॅचना हे गणित शिकवलं. दोन्ही वेळा ताळा केला. दोन्ही वेळा जुळला. आठ वर्षांपूर्वी चौघंही होते हे मी आकडा बदलताना धरून चाललो होतो, आणि बत्तीस वजा करून ताळा करतानाही तेच धरून चालत होतो. मुलुंडच्या मुलाने कंसाबाबत जे केलं, तेच मी वर्षभर करत होतो.

वही घेऊन परत आलो आणि फळ्यावर ६७ खोडून ६९ केलं. कारणही सांगितलं. नऊ जणांत कुणी हसलं नाही, हे त्यांचं सौजन्य.

मग आम्ही मूळ गणित पुन्हा धरलं, आणि ते किती सुरेख आहे हे मला तेव्हा कळलं. चौघंही आठ वर्षांपूर्वी असते तर बेरीज ६७ व्हायला हवी. ती ६९ आहे. आपण दोन वर्षं जास्त वजा केली. कुणाच्या वयातून? जो तेव्हा नव्हता त्याच्या. त्याच्यातून आठ वजा केले, पण त्याच्याकडे सहाच होते. म्हणजे मुलगा आज सहा वर्षांचा. मुलगी अकरा, आईवडील मिळून ब्याऐंशी, फरक चार, म्हणून ४३ आणि ३९. क्ष न मांडता उत्तर आलं, आणि पाच वर्षांनंतरचं वाक्य आता निव्वळ ताळ्यासाठी मोकळं राहिलं. ४८ आणि १६. तिप्पट.

एकाने विचारलं, मुलगीसुद्धा तेव्हा जन्मलेली नसेल तर? चांगली शंका. दोघंही नसतील, तर जास्त वजा झालेली दोन वर्षं दोघांत वाटली जातील. पण मग मुलगी आठपेक्षा लहान आणि मुलगा तिच्याहून पाचने लहान, म्हणजे एकट्या मुलामुळेच पाचाहून जास्त वर्षं फाजील वजा झाली असती. दोनात ते बसत नाही.

दुसऱ्याने विचारलं, पाच वर्षांनंतरच्या रकान्यात असा घोळ होणार नाही का? तिथे नाही. पुढच्या काळात प्रत्येकाच्या वयात तेवढीच वर्षं वाढतात, वयवारीचं गणित कुणाला मारत नाही आणि पाळणाही हलवत नाही. घोळ मागे जातानाच होतो, आणि तोही बेरजेचं वाक्य असेल तेव्हा जास्त. ‘आठ वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या इतके पट होतं’ असं वाक्य असेल तर उणे वय समोरच दिसतं. बेरजेत ते बाकीच्यांच्या वयात बुडून जातं. पस्तीस, एकतीस आणि तीन यांच्यात उणे दोन कुठे लपलं ते मला वर्षभर दिसलं नव्हतं.

मुलुंडच्या मुलाला मात्र चैन पडेना. परीक्षेत असं उत्तरच नसलेलं गणित आलं तर? मी म्हटलं, पर्यायांपैकी एकही सगळ्या वाक्यांत बसत नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा, वेळ राहिला तर परत ये. दीड तासात शंभर गुणांचा पेपर असतो, एका गणितापायी अडकून भागत नाही. त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

साडेआठला पाऊस थोडा उघडला. सगळे गेल्यावर संचाच्या उरलेल्या प्रती पुढ्यात घेऊन पेनाने ६७ चे ६९ करत बसलो. मग जुन्या दोन बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: वयवारी, शेवटचं गणित, माझी चूक, ६९ वाचा, मुलगा तेव्हा जन्मलेला नव्हता.

बहुतेकांनी अंगठा टाकला. रात्री अकराच्या सुमारास पहिल्या बॅचमधल्या एकाचा निरोप आला. तो आता भरती होऊन प्रशिक्षणात आहे. ‘‘सर, मला तेव्हा उणे दोन आलं होतं. तुम्ही फळ्यावर बरोबरची खूण केली म्हणून खोडून टाकलं.’’