ब्रह्मगिरीची लहान फेरी : वेळेचा अंदाज आणि सराव फेरीची नोंद

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आधी वेळेचं गणित पक्कं करायचं म्हणून परवा त्र्यंबकची लहान फेरी केली. कुशावर्तावरून निघून प्रयागतीर्थ, पहिने, मग डोंगराच्या मागच्या अंगाने परत. अंतर साधारण २० किलोमीटर. मोठी फेरी ४० च्या घरात जाते, पण तिचा वेळ लहान फेरीच्या दुप्पट धरणाऱ्याने आपल्या गुडघ्यांना आधी विचारून घ्यावं.

निघण्यापूर्वी कागदावर मांडलेला हिशेब असा होता. निम्मं अंतर डांबरीचं, तिथे ताशी ५ किलोमीटर. उरलेलं निम्मं चिखल, दगड आणि चढउताराचं, तिथे ताशी ३. इथे बरेच जण ५ आणि ३ यांची सरासरी ४ काढून २० किलोमीटरला ५ तास लावतात. तसं होत नाही, कारण हळू टप्प्यावर आपण जास्त वेळ असतो. पहिल्या १० किलोमीटरला २ तास, दुसऱ्या १० ला ३ तास २० मिनिटं. म्हणजे नुसतं चालणं ५ तास २० मिनिटांचं, आणि खरी सरासरी ताशी पावणेचार.

चढासाठी गिर्यारोहकांचा जुना नाइस्मिथचा नियम आहे : दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तो मी इथे लावला नाही. ताशी ३ हा वेग मागच्या अंगाच्या वाटेवरच मोजलेला, त्यात चढ आलाच आहे. वरून चढाचा तास मिळवला तर एकच चढ दोनदा चढल्यासारखं होईल.

थांबे मी अंतरावर नाही, वेळेवर धरतो. चालण्याच्या दर तासाला १० मिनिटं. ५ तास २० मिनिटांत थांबे ५ येतात, त्यातला एक नाश्त्याचा म्हणून ३० मिनिटांचा. बाकीचे ४० मिळून ७० मिनिटं. एकूण साडेसहा तास. पहाटे ४ ला निघालो तर साडेदहाला परत.

प्रत्यक्षात कुशावर्तावर पोचलो तेव्हा ११ वाजून २५ मिनिटं झाली होती. चालण्याचा वेळ मात्र ५ तास २५ मिनिटं, म्हणजे अंदाजापेक्षा फक्त ५ मिनिटं जास्त. बाकीचे २ तास थांब्यांत गेले. साधा थांबा सरासरी २० मिनिटांचा पडला आणि नाश्ता ४० चा. आम्ही सहा जण होतो. पहिला बसतो तेव्हा शेवटचा मागे असतो, तो येऊन टेकेपर्यंत पहिल्याची १० मिनिटं संपलेली असतात, आणि निघू म्हटलं की कुणाला तरी बुटातला खडा आठवतो. एकट्याची १० मिनिटं गटाची २० होतात. पुढच्या वेळी घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करायचं आणि थांब्याला २० मिनिटंच धरायची.

फोनवरच्या नोंदीबद्दल एक सांगतो. अॅपमध्ये दोन वेग दिसतात, चालतानाचा आणि एकूण. आमचा पहिला ताशी ३.७ आणि दुसरा २.७. पुढच्या फेरीला दुसरा वेग घेऊन त्यावर पुन्हा थांबे मिळवले तर थांबे दोनदा मोजले जातात. शिवाय बसलेलो असताना जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे भटकत राहतो आणि ते भटकणं अंतरात जमा होतं. थांबलो की नोंद थांबवणं बरं.

वाटेत अंदाज ताडून पाहायचा तर निम्म्या अंतरावर पाहावा, पण दुप्पट करू नये. डांबरी संपली तेव्हा २ तास २२ मिनिटं झाली होती. त्याची दुप्पट पावणेपाच तास, म्हणजे पावणेनऊला त्र्यंबकात! गटातल्या एकाने तसा घरी फोनही करून टाकला. उरलेल्या १० किलोमीटरला मागच्या अंगाचाच वेग लावायचा, पुढून आलेला नाही.

आता तिसऱ्या सोमवारचा आकडा. त्या दिवशी डांबरीवर वेग आपला नसतो, पुढच्या गर्दीचा असतो, म्हणून तिथे ताशी ४ आणि मागे अडीच. चालणं अडीच अधिक चार, साडेसहा तास. थांबे ६ : पाच वीस-वीस मिनिटांचे आणि एक ४० चा, मिळून २ तास २० मिनिटं. एकूण ८ तास ५० मिनिटं. मध्यरात्री १२ ला कुशावर्त सोडलं तर सकाळी नऊच्या सुमारास परत. त्यात कुशावर्तावरच्या स्नानाची आणि दर्शनाची रांग धरलेली नाही. तिचा अंतराशी काही संबंध नसतो, म्हणून ती हिशेबात वेगळीच लिहावी. कुणी अनवाणी येणार असेल तर मागच्या अंगाचा वेग त्याचा धरा आणि मला आधी कळवा, म्हणजे ११ ला निघू.