टेस्टिंगला पास, पाण्याला नापास

नाशिकमधल्या एका चार मजली इमारतीतील सर्वांत वरच्या फ्लॅटची ही तक्रार होती. बाथरूमचे नूतनीकरण होऊन दोन महिने झाले होते, थंड पाणी शॉवरला व्यवस्थित येत होते. परंतु गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी मात्र इतके बारीक येई की घरातल्या काकूंनी शॉवर सोडून पुन्हा बादली धरली होती. आधी येऊन गेलेल्या दोघांनी सोलरच्या टाकीत क्षार साचल्याचे निदान केले होते आणि एकाने प्रेशर पंप बसवण्याचा सल्लाही दिला होता.

शॉवरच्या जागी मी प्रथम प्रेशर गेज लावले. नळ बंद असताना गरम आणि थंड, दोन्ही लाइनवर सुमारे ०.३५ बार दाब दिसला, म्हणजे साडेतीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, आणि टाकीची उंची पाहता तो तेवढाच असायला हवा होता. मग बादली लावून प्रवाह मोजला तेव्हा थंड पाणी मिनिटाला नऊ लिटरच्या आसपास, तर गरम पाणी जेमतेम चार लिटर भरले. स्थिर पाण्याचा दाब पूर्ण असूनही वाहते पाणी कमी पडते, तेव्हा वाटेत कुठेतरी मार्ग अरुंद झालेला असतो. उंची कमी असणे हे त्याचे कारण असू शकत नाही. सोलरच्या टाकीखालचा युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, उघडून पाहिला तर तेथे धार भरघोस होती. त्यामुळे संशय बाथरूमच्या भिंतीतल्या २० मिलिमीटरच्या नव्या पीपीआर लाइनवर, म्हणजे तापवून वितळवून जोडल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपवर आला.

मिक्सरजवळची एक टाइल काढून पहिला एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा काटकोनी तुकडा, कापून बाहेर काढला आणि हॅकसॉने उभा चिरला. या जाड पाइपचा (पीएन २०) आतला व्यास १३.२ मिलिमीटर असतो. येथे पाइपचे टोक एल्बोच्या आत गोगलगायीच्या तोंडासारखे आत वळले होते, त्याच्यापुढे वितळून थिजलेल्या प्लॅस्टिकची जाड वळी तयार झाली होती आणि मधले छिद्र कॅलिपरने मोजले तर सहा मिलिमीटर भरले. म्हणजे पाण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ मूळच्या एक पंचमांशावर आले होते. मिनिटाला चार लिटर पाणी अशा छिद्रातून जाते तेव्हा प्रत्येक जोडावर जवळजवळ अर्धा मीटर उंचीचा दाब खर्ची पडतो. या लाइनवर तीन एल्बो म्हणजे एकामागोमाग सहा जोड होते आणि हाताशी दाब होता अवघा साडेतीन मीटरचा. प्रेशर पंपावर चालणाऱ्या इमारतीत हा दोष कदाचित वर्षानुवर्षे लपून राहिला असता. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो लपला नाही.

ते काम केलेले मिस्त्री बोलावल्यावर लगेच आले. ते अनुभवी होते आणि त्यांच्या हाताला सफाईही होती. जोड करताना पाइप किती वेळ तापवता, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘साहेब, पाच सेकंद लिहिलेत, पण मी दहा-बारा देतो. थंडीचे दिवस होते आणि जोड गळायला नको. तुमच्यासमोर टेस्टिंग करून दाखवतो, एक थेंब पडणार नाही.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. जास्त तापवलेला जोड सहसा गळत नाही, त्यामुळे टेस्टिंग पंपाने दिलेला दाब तो निमूटपणे सोसतो, कारण त्या चाचणीत पाणी वाहतच नाही. थंडीचे म्हणाल तर वेळ दीडपट करण्याची सूट हवेचे तापमान पाच अंशांखाली गेल्यावरच असते; निफाडकडच्या एखाद्या पहाटे ती लागू पडेलही, पण बंद बाथरूममध्ये भर दुपारी नाही.

मग बाल्कनीत त्यांचेच मशीन लावून आम्ही नमुने केले. मशीनचे तापमान २६० अंश सेल्सिअस ठेवायचे असते आणि या तापमानाला २० मिलिमीटरच्या पाइपला पाच, २५ला सात, तर ३२ला आठ सेकंद दिले जातात. ही मोजणी पाइप आणि फिटिंग मशीनच्या तापलेल्या डायवर पूर्ण खोलीपर्यंत गेल्यानंतर सुरू होते. २० मिलिमीटरसाठी ती खोली सुमारे १४ मिलिमीटर असते. त्यानंतर दोन्ही भाग काढून चार सेकंदांच्या आत एकमेकांत बसवायचे असतात. एक जोड पाच सेकंदांचा, दुसरा बारा सेकंदांचा केला आणि थंड झाल्यावर दोन्ही उभे चिरले.

फरक मिस्त्रींना माझ्याआधी दिसला. पाइपचा बाहेरचा व्यास फिटिंगच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून थंड पाइप आत पूर्ण जातच नाही. वितळलेला थर सरकतो तेव्हाच तो बसतो. पाच सेकंदांत पाइपचा फक्त बाहेरचा थर वितळतो, आतला भाग कडक राहतो आणि तोच पाइपला आतून गोल धरून ठेवतो. सरकलेले थोडेसे प्लॅस्टिक बाहेरच्या तोंडाशी सारख्या जाडीच्या कडीच्या रूपाने दिसते. बारा सेकंद दिले की उष्णता भिंतीत खोलवर पोहोचते, ३.४ मिलिमीटरची भिंत लिबलिबीत होते आणि पाइप रेटताना तिला स्वतःचा आकार धरता येत नाही. फिटिंगमधला जादा वितळलेला थर पाइपच्या टोकापुढे ढकलला जातो, टोकही त्याच्यासोबत आत वळते आणि त्या मालाला जायला पोकळीखेरीज दुसरी जागा नसते. ठरलेल्या खोलीपलीकडे जोर लावून दाबले की ही वळी आणखी वाढते. म्हणून पाइपवर खोलीची खूण करून तेथेच थांबायचे. खूण न करता ‘अंदाजाने’ काम करणारे हात मला अनेकदा दिसतात, आणि त्यांचा अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूनेच चुकतो.

भिंतीतून काढलेल्या दुसऱ्या एल्बोत आणखी एक दोष दिसला. आतली वळी एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला जवळपास नाहीशी झालेली होती. मिक्सरच्या दोन ब्रास एल्बोंमधले १५० मिलिमीटर अंतर जुळवण्यासाठी पाइप बसवल्यानंतर एल्बो फिरवून आणि वाकवून सरळ केल्याचे ते चिन्ह होते. तिरका पाइप एका बाजूचा थर खरवडून पुढे ढकलतो, दुसऱ्या बाजूला मात्र तो पुरेसा दाबलाच जात नाही. पुढे कधी गळती झाली तर ती त्याच बाजूने होते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत अगदी थोडा कोन सुधारता येतो, पण गोल फिरवणे टाळावे आणि त्यानंतर जोड निवांत धरून ठेवावा. दिशा वितळवण्याआधीच ठरवायची असते. पाइपवरची रेषा आणि फिटिंगवरची खूण कोरडी जुळवून पेन्सिलने आखली की ऐनवेळी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

आम्ही २० मिलिमीटरची ती संपूर्ण लाइन बदलली आणि प्रत्येक जोड थंड झाल्यावर आत टॉर्च मारून पाहिला. या वेळी दाबाच्या चाचणीनंतर बादली लावून प्रवाहही मोजला. गरम पाणी मिनिटाला आठ लिटरच्या वर गेले. डक्टमधली ३२ मिलिमीटरची उभी लाइनही मिस्त्रींनीच केली होती, आणि तीही फोडावी का, असे काकूंनी विचारले. तेथे दोन मिलिमीटरची वळी धरली तरी २१.२ मिलिमीटरच्या वाटेतून दोन तृतीयांश मार्ग मोकळा राहतो, तर २०च्या पाइपात तेवढीच वळी निम्म्याहून जास्त मार्ग अडवते. सोलरखालच्या युनियनशी मोजलेला प्रवाह आणि डक्टच्या तळाशी मिळालेला प्रवाह यांत फारसा फरक नव्हता, म्हणून ती लाइन तशीच राहू दिली.