दारातला ऐन आणि उलटा आठ

परभणीच्या एका हौशी संग्राहकाने आजीच्या गाठोड्यातल्या चांदीच्या रुपयाचे फोटो पाठवले. फारसीचं भाषांतर करून द्यायचं होतं. प्रश्न आधीच तयार: "सर, ९२ लिहिलंय, म्हणजे १८९२ ना? मग खाली १३३७ कसं? नकली आहे का?"

अशी नाणी मराठवाड्यात घरोघरी निघतात. निजामाचा हाली रुपया. एका बाजूला चारमिनार, भोवती 'निजाम उल मुल्क आसफ जाह बहादूर', आणि मधल्या कमानीत एक अक्षर. या नाण्यावर ते 'ऐन' आहे, फारसीत उस्मान या नावाचं पहिलं अक्षर, म्हणजे उस्मान अली खान. तिथे 'मीम' असतं, तर नाणं वडिलांचं, महबूब अली खानांचं. ९२ हे सालही नाही आणि किंमतही नाही. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो: 'मीम' ४०, 'हे' ८, 'मीम' ४०, 'दाल' ४. बेरीज ९२, म्हणजेच 'मुहंमद'. भाषांतरात नुसतं '९२' लिहून कसं चालेल? मी कंसात नाव दिलं.

१३३७ हे हिजरी साल, ऑक्टोबर १९१८ ते सप्टेंबर १९१९.

मागच्या बाजूला मधोमध 'यक रुपिया' आणि भोवती 'जुलूस मैमनत मानूस, जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद'. गृहस्थांनी स्वतःच 'मिरवणुकीचं नाणं' असा अर्थ लावला होता! इथे जुलूस म्हणजे गादीवर बसणं. मी लिहिलं: मंगलमय राज्यारोहणाचं अमुक वर्ष, शुभ पायाच्या हैदराबादेत पाडलेलं.

अमुकपाशी माझी चूक झाली. तो आकडा नीट दिसावा म्हणून त्यांनी तेवढाच तुकडा कापून मोठा करून पाठवला होता. फारसी सात म्हणजे वर उघडी खाच, आठ म्हणजे तीच खाच पालथी. मी 'सात' वाचलं आणि मजकूर पाठवून दिला.

रात्री जेवताना हिशेब डोक्यात आला. उस्मान अली खान २९ ऑगस्ट १९११ ला, १३२९ च्या रमजानमध्ये गादीवर आले. त्यामुळे १३३७ मध्ये रमजानपर्यंत आठवं वर्ष, पुढे नववं. सातवं शक्यच नाही. घास तसाच ठेवून मी अख्ख्या नाण्याचा फोटो मागवला. तुकडा कापताना फोटो उलटा फिरला होता. आकडा पालथा आला होता. आठच. म्हणजे नाण्यावरच्या तारखांनुसार काळ ऑक्टोबर १९१८ पासून १९१९ च्या जूनच्या सुरुवातीपर्यंतचा, जेमतेम आठ महिन्यांचा.

दुरुस्ती कळवली. उत्तर आलं, "सर, सातचं लेबल छापून चिकटवलं. आठचं जास्त किमतीला जातं का?" या लोकांना अक्षराआधी भाव हवा असतो. मला मात्र ही वजाबाकी मी पाठवण्याआधी का केली नाही, हेच अजून खुपतंय. १३३७ वजा १३२९, एवढीच तर होती.