तुम्ही विचारलंत म्हणून : वंगभंगाचं उत्तर मुद्द्यांत कसं मांडायचं

“मॅडम, धडा सगळा पाठ आहे, उत्तर पानभर लिहिते, तरी ‘कारणे व परिणाम’ला पाचपैकी दोन-अडीचच मार्क का पडतात? मुद्दे पाडायचे म्हणजे नेमकं काय करायचं?”

दरवर्षी दहावी-बारावीची मुलं हे विचारतात, आणि आता त्यांचे पालकही विचारू लागले आहेत. एकच प्रश्न घेऊन सांगते : बंगालच्या फाळणीची कारणे व परिणाम. हाच का, तर यात मुलांना माहिती भरपूर असते आणि तरीही मार्क जातात.

वह्यांमधून सापडणारं उत्तर साधारण असं असतं : “लॉर्ड कर्झन हा साम्राज्यवादी व्हाइसरॉय होता. बंगाल प्रांत फार मोठा होता, म्हणून त्याने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली. त्यामुळे लोक चिडले. त्यांनी स्वदेशी माल वापरला, परदेशी मालावर बहिष्कार टाकला, परदेशी कापडाच्या होळ्या केल्या, वंदे मातरम् म्हटले. शेवटी १९११ मध्ये फाळणी रद्द झाली.” यात एकही वाक्य चुकीचं नाही. पण तपासणाऱ्याच्या पेनाने वाचा. कारण एकच आलं आहे, मोठा प्रांत. परिणाम पाच-सहा दिसतात, पण स्वदेशी, बहिष्कार आणि होळ्या हा एकाच चळवळीचा तपशील आहे. कर्झनचं वर्णन हे कारणच नाही. खूण करायला जागा तीनच उरतात, आणि त्याही अर्ध्या.

मुद्दा कशाला म्हणायचं, याची मी मुलांना एकच कसोटी देते : “हे कसं घडलं?” याचं उत्तर वेगळं असेल तर मुद्दा वेगळा, उत्तर तेच असेल तर मुद्दा तोच. शब्द किती वेगळे आहेत याचा संबंध नाही.

कारणांना ही कसोटी लावून बघू. पहिलं कारण सरकारनेच सांगितलेलं, प्रशासनाची सोय. तेव्हाच्या बंगाल प्रांतात बिहार आणि ओडिशाही होते, लोकसंख्या पावणेआठ कोटींच्या आसपास होती आणि एवढा कारभार एका अधिकाऱ्याच्या हाताखाली नीट चालत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. मुलं यानंतर “फोडा आणि राज्य करा” असं एक वाक्य लिहून कारणं संपवतात. खरं तर तिथे दोन मुद्दे दडलेले आहेत. एक, राष्ट्रीय चळवळीचं केंद्र खिळखिळं करणं. ते कसं? बंगालीभाषक दोन प्रांतांत विभागले गेले आणि पश्चिमेकडच्या प्रांतात बिहारी व ओडिया लोकसंख्येपुढे ते अल्पसंख्य झाले. एकत्र बंगाल ही शक्ती आहे आणि विभागला की ती ओसरेल, हा विचार गृहसचिव रिस्ले यांनी १९०४ मध्ये लिहूनही ठेवला होता. दुसरा, हिंदू-मुस्लिमांत अंतर पाडणं. ते कसं? पूर्व बंगाल आणि आसाम असा मुस्लिमबहुल नवा प्रांत केला, ढाका ही त्याची राजधानी ठरवली आणि या प्रांतात तुमचं हित आहे असं तिथल्या मुस्लिमांना सांगितलं. एकीकडे भाषेची वाटणी, दुसरीकडे धर्माची. घडण्याची रीत वेगळी आहे, म्हणून मुद्दे दोन.

आता एक मुद्दा पेपरात कसा दिसावा, तो पूर्ण लिहून दाखवते.

*२. राष्ट्रीय चळवळीचे केंद्र दुर्बळ करणे :* बंगाल हे राष्ट्रीय चळवळीचे प्रमुख केंद्र होते. फाळणीमुळे बंगालीभाषक लोक दोन प्रांतांत विभागले जाणार होते व एका प्रांतात ते अल्पसंख्य ठरणार होते. त्यामुळे त्यांची एकजूट मोडेल, या हेतूने सरकारने फाळणीचा निर्णय घेतला.

शीर्षक चार-पाच शब्दांचं, खाली पेन्सिलीची रेघ. मग परिस्थिती, मग ते कसं, आणि शेवटचं वाक्य प्रश्नाला येऊन जोडलेलं. हे शेवटचं वाक्यच मुलं सर्रास गाळतात. वाचून बघा : मुद्द्याच्या शेवटी “म्हणून फाळणी केली” असं जोडता येत नसेल, तर ती माहिती आहे, कारण नव्हे. कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय झाला, हे खरं असूनही इथे मार्क मिळत नाही तो याचमुळे.

परिणामांना उलट बाजूने तपासायचं, वाक्याच्या आधी “फाळणीमुळे” लावून. आणि क्रम काळाचा ठेवायचा. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली, तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला गेला, लोकांनी एकमेकांना राख्या बांधल्या : हा तात्काळ निषेधाचा मुद्दा. स्वदेशी आणि बहिष्कार हा दुसरा मुद्दा, आणि तो बंगालबाहेर पोचला याचं उदाहरण म्हणून त्याच महिन्यात पुण्यात झालेली परदेशी कापडांची होळी इथे घालायची, वेगळ्या आकड्याखाली नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ १९०७ च्या सुरत फुटीत होतो. “राष्ट्रीय सभेत फूट पडली” एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याने ते फाळणीशी का जोडावं? मधली कडी लिहावी लागते. बहिष्काराचं अस्त्र बंगालपुरतं ठेवायचं की देशभर आणि सर्वच क्षेत्रांत वापरायचं, यावर मवाळ आणि जहाल यांचे मतभेद विकोपाला गेले, आणि ते सुरतेत फुटीपर्यंत पोचले. हे एक वाक्य आलं की मुद्दा पुरा. तसंच १९०६ मध्ये ढाक्याला स्थापन झालेल्या मुस्लिम लीगचं. नव्या प्रांताला मुस्लिम नेत्यांच्या एका गटाचा पाठिंबा होता, ही कडी लिहिली तरच तो परिणाम ठरतो.

१९११ ची माघार शेवटी लिहायची, पण नुसती तारीख नको. फाळणी रद्द करून सरकारने राजधानीही कलकत्त्याहून दिल्लीला नेली, आणि १९१२ मध्ये बिहार व ओडिशा यांचा वेगळा प्रांत केला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. प्रांत मोठा होता ही अडचण बंगालीभाषकांना न तोडताही सुटू शकत होती, हे त्यातून दिसतं. “फाळणी प्रशासनाच्या सोयीसाठीच होती का? तुमचे मत नोंदवा” असा प्रश्न आला, तर हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. मात्र अशा प्रश्नाला वरची मुद्द्यांची रांग चालत नाही. तिथे आधी सरकारची बाजू, मग तिच्याविरुद्धचा पुरावा आणि शेवटी स्वतःचं मत, असं सलग लिहावं लागतं.

पाच मार्कांना सगळंच लिहायला वेळ पुरणार नाही. दोन कारणं आणि तीन परिणाम, प्रत्येकी तीन वाक्यं, पुरे. कारणांत प्रशासनाची सोय आणि राष्ट्रीय चळवळीचं केंद्र घ्या. परिणामांत स्वदेशी-बहिष्कार, सुरतेची फूट आणि फाळणी रद्द होणं घ्या. प्रस्तावना एका वाक्याची : कोणी, केव्हा, काय केलं. एखादं साल डळमळीत असेल तर ते सोडून द्या आणि कडी लिहा. आणि प्रश्न तीन मार्कांचा, नुसत्या परिणामांचा असेल, तर कर्झनचा हेतू कितीही छान पाठ असला तरी त्या उत्तरात आणू नका.