सणाचा भाग गाळून पाहिला: नोंद तिसरी

मंडळी, मालिकेतला सणाचा भाग निराळा असतो की मूळ कथेतला, हे मी या नोंदींत तपासतेय. मागच्या नोंदीत म्हटलं होतं तसं या वेळी 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेचे थँक्सगिव्हिंग सणाचे भाग काढले. कसोटी साधी होती: सणाचा भाग गाळायचा, पुढचा लावायचा आणि कुठं अडखळतंय ते बघायचं. मला सगळं पाठ असल्यानं माझा उपयोग नव्हता. म्हणून मिरजेच्या मामेबहिणीला सांगलीला बोलावलं. तिनं ही मालिका कधी पाहिलेली नाही. भडंगाची पुडी तिच्या हातात दिली आणि बसवलं.

निवडला पाचव्या सीझनचा आठवा भाग, १९ नोव्हेंबर १९९८चा. मोनिका डोक्यावर अख्खी टर्की चढवून, वर गॉगल आणि लाल टोपी घालून चँडलरसमोर नाचते आणि त्याच्या तोंडून "आय लव्ह यू" निसटतं. चोरून चाललेल्या त्यांच्या प्रकरणातला हा पहिलाच उच्चार, म्हणजे मूळ कथेतला ऐवज. तोच मी गाळला.

सातव्यावरून थेट नवव्यावर गेलो. बहीण कुठंच अडली नाही. नवव्यात त्यांचा मित्र जोई त्या दोघांचं गुपित लपवता लपवता टेकीला आलाय, पण त्याला ते आठव्याच्या आधीपासूनच माहीत आहे. गंमत म्हणजे सणातून पुढं आलं काय, तर उरलेल्या टर्कीचं सँडविच! ऑफिसात कुणीतरी ते खाल्लं म्हणून मोनिकाच्या भावाचं, रॉसचं डोकं फिरतं. प्रेमाचा मात्र उल्लेखही नाही.

मग चौदावा लावला, फेब्रुवारी १९९९चा. चँडलर मित्रमंडळींसमोर प्रेम कबूल करतो, मोनिका चकित होते आणि तीही म्हणते. बहीण म्हणाली, "पहिल्यांदाच म्हणतोय ना हा?" मी गप्प राहून आठवा दाखवला. तर ती, "अगं, मग इतके दिवस मोनिकानं त्याला शब्दात धरलं कसं नाही?"

उत्तर आठव्यातल्या त्याच दृश्यात आहे. बोलून गेल्या गेल्या चँडलर साफ नाकबूल करतो, "असं म्हणालोच नाही" म्हणून. लेखकांनी दार उघडलं आणि लगेच लोटून घेतलं. ज्यानं पाहिलं त्याला फेब्रुवारीत मोनिकाचा चेहरा वेगळा दिसतो. ज्याचं हुकलं त्याचं काही बिघडत नाही. पुनःप्रक्षेपणात भाग मागेपुढे लागले तरी चालतं. शिवाय नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दोन्ही तेव्हा अमेरिकेत प्रेक्षकसंख्या मोजून जाहिरातींचे दर ठरवायचे महिने. प्रेमाची कबुली दोनदा वापरायला मिळाली, हे काही वाईट नाही!

दहाव्या सीझनच्या (२००३) थँक्सगिव्हिंगच्या भागात मात्र दार उघडंच राहतं. जेवणावरून भांडण होतं, दारात मुंडकी अडकतात, हा सगळा एरवीचा धिंगाणा. अगदी शेवटी फोन येतो, की एका गरोदर मुलीनं आपलं बाळ दत्तक द्यायला मोनिका-चँडलरला निवडलंय. पुढच्याच भागात दोघं तिला भेटायला ओहायोला जातात. हा भाग निराळा म्हणायचा की कथेतला? माझ्या वहीत त्याची नोंद 'शेपटीला कथा' अशी आहे. बहिणीला हा अजून दाखवलेला नाही, रविवारी येतेय ती.