नोंद ११ : आर्वीच्या बाजारातली सेको फाइव्ह

दिवाळीनंतर नवीन नोंद टाकलीच नव्हती, कारण खिसा कपाशीच्या पैशावर चालतो. परवा आठवडी बाजारात जुन्या घड्याळांची चादर अंथरलेली दिसली. त्यात निळ्या डायलची सेको फाइव्ह होती. मागच्या झाकणावर 7S26 हा मशीनचा नंबर आणि भाव १८०० रुपये. "पाहून घ्या ना जी, ओरिजनल हाय," विक्रेता म्हणाला.

सेकंद काटा सेकंदाला सहा ठोके घेत होता. 7S26 सहाच ठोके घेते, पण स्वस्त नकली मशीनही तेवढेच घेते. त्यामुळे काटा 'सरकत चालतो' यावर जाऊ नका. मी पूर्वी त्यावरच फसलो आहे.

मग चावी आत असतानाच फिरवली. किर्र किर्र आवाज आला, म्हणजे चावी भरत होती. 7S26 ला हाताने चावी बसतच नाही, ती फक्त मनगटाच्या हालचालीवर भरते. तरी लगेच नकली म्हणायचं नाही. कुणीतरी आत NH36 मशीन बसवलेली असू शकते. तिला चावीही बसते आणि चावी शेवटपर्यंत ओढली की सेकंद काटाही थांबतो. मी ओढली. काटा चालतच राहिला.

इथे माझा निकाल लागला. 7S26 मध्ये या दोन्ही गोष्टी नसतात, NH36 मध्ये दोन्ही असतात. इथे एकच होती.

खात्रीसाठी घड्याळ कानाशी धरून हळूच हलवलं. एका बाजूला रोटर गरगर मोकळा फिरल्याचा आवाज. सेकोची ही मशीन दोन्ही बाजूंनी चावी भरते, त्यामुळे रोटर असा सुटा फिरत नाही. एकाच बाजूने भरणाऱ्या मियोटाच्या 82 मालिकेची चिनी नक्कल आत असावी, असा माझा अंदाज. (2019 पासूनच्या बहुतेक सेको फाइव्ह स्पोर्ट्समध्ये 4R36 असते. तिला चावी बसते आणि काटाही थांबतो, म्हणून आधी झाकणावरचा नंबर वाचा.)

केस पाहायला मात्र पट्टा काढावा लागला. वरून चकाचक, पण पिनेच्या भोकात भिंगाने पाहिलं तर काठावर पितळी पिवळेपणा आणि आत हिरवट गंज. पॉलिशचं चाक तिथे पोहोचत नाही, म्हणून मी आधी तिथेच बघतो. झाकणावर 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं, आणि स्टीलच्या केसमधून पितळ कसं दिसणार? पट्टा अडकतो त्या कानांवरच्या रेघाही वळणावर मिटून चकाकीत मिसळल्या होत्या. तेवढ्यावरून मी काही ठरवत नाही, कारण खऱ्या घड्याळाची जास्त घासाई झाली तरी तसंच होतं.

घड्याळ परत ठेवलं. शेवटी ४०० वर आला होता. पट्ट्याचे १५० देतो म्हटलं, तर चिडला.