तिसऱ्या मजल्यावरचं एकच हेड

पुण्यातल्या एका आयटी इमारतीची अग्निशमन यंत्रणा आमच्या देखभालीत आहे. तिथल्या सुरक्षारक्षकाचा रात्री फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, तिसऱ्या मजल्यावरचे सगळे स्प्रिंकलर फुटलेत." दुसऱ्या मजल्यावरही छतातून पाणी येत होतं, त्यामुळे तिथलेही फुटले असावेत असा त्याचा समज झाला होता. आग कुठेच नव्हती.

पोहोचल्यावर आधी पंपघर पाहिलं, कारण किती हेड, म्हणजे छतातली स्प्रिंकलरची किती तोंडं, उघडलीत याचं उत्तर मजल्यावर जायच्या आधी तिथे मिळतं. मुख्य पंप बंद होता. तो कोणी बंद केला नव्हता, तर सुरूच झाला नव्हता. चालू होता फक्त जॉकी, म्हणजे पाइपातला दाब राखणारा छोटा पंप. या इमारतीत जॉकी दाब 6 बारखाली गेला की सुरू होतो आणि 7 बारला थांबतो. मुख्य पंप 5 बारला सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की हाताने बंद करेपर्यंत थांबत नाही. गेजवर काटा साडेपाचच्या आसपास स्थिर होता. जॉकीची क्षमता मिनिटाला 180 लिटर. म्हणजे यंत्रणेतून जेवढं पाणी जात होतं, ते एवढा एकच छोटा पंप भरून काढत होता.

आता हिशोब पाहा. ऑफिसात बसवतात त्या नेहमीच्या हेडचा के-फॅक्टर 80 असतो. हेडपाशी जितके बार दाब, त्याच्या वर्गमुळाला 80 ने गुणलं की मिनिटाचे लिटर मिळतात. तळघरातल्या पंपापासून तिसऱ्या मजल्याच्या छतापर्यंतची उंची साधारण 15 मीटर, म्हणजे दीड बार त्यात गेले. उरले 4. चारचं वर्गमूळ 2, म्हणून एका हेडमधून मिनिटाला 160 लिटर. त्या मजल्यावर ऐंशीच्या आसपास हेड आहेत. ती सगळी याच दाबाने उघडली असती तर मिनिटाला 12,800 लिटर पाणी लागलं असतं. त्या इमारतीचा मुख्य पंप 2,280 लिटरचा आहे. तेवढं पाणी तो देऊच शकत नाही, दाब कोसळला असता आणि मुख्य पंप पहिल्याच क्षणी दणदणत सुरू झाला असता. स्प्रिंकलरचे पंप आणि पाइप मुळात एका मर्यादित क्षेत्रातली हेड उघडतील एवढंच धरून आखलेले असतात. सगळा मजला एकदम भिजवणं हा त्यांचा हेतूच नसतो.

वर जाऊन पाहिलं तर खरोखर एकच हेड उघडलं होतं, कोपऱ्यातल्या नव्या केबिनमधलं. बाकीच्या हेडचे लाल बल्ब जागच्या जागी होते. दुसऱ्या मजल्यावर तीन-चार ठिकाणी पाणी टपकत होतं ते वायरिंगसाठी स्लॅबला पाडलेल्या भोकांतून. ती भोकं कोणी बुजवलेली नव्हती. फॉल्स सीलिंगवर पडलेलं पाणी सांध्यांतून वाट काढून हेडच्या आसपास टपकलं, म्हणून खालून बघणाऱ्याला ती हेडच गळताहेत असं वाटलं. सुरुवातीचं पाणी काळपट आणि वासाचं होतं. त्यावरून "ड्रेनेज फुटलं" अशीही एक ओरड झाली. पाइपात दीर्घकाळ साठलेलं, गंज मिसळलेलं पाणी असंच असतं.

सगळी हेड एकदम उघडतात हा समज सिनेमांनी पक्का केला आहे. कोणीतरी लायटर धरतो, आणि पूर्ण इमारतीत पाऊस. प्रत्यक्षात हेडच्या मध्यावर काचेचा एक छोटा बल्ब असतो, त्यात रंगीत द्रव आणि हवेचा बारीकसा बुडबुडा. त्या हेडपाशी उष्णता वाढली की द्रव फुगतो, बुडबुडा दबून नाहीसा होतो, आणि मग वाढलेल्या दाबाने काच फुटते. बल्बने धरून ठेवलेली टोपी निसटते आणि पाणी सुटतं. लाल द्रव असेल तर हे 68 अंशांना होतं, पिवळा 79 ला, हिरवा 93 ला. एका हेडला दुसऱ्याची खबर पोहोचवणारी कोणतीही तार किंवा यंत्रणा नसते. धुराने बल्ब फुटत नाही. स्मोक डिटेक्टर वाजला किंवा भिंतीवरची लाल पेटी दाबली तरी पाणी येत नाही, फक्त हूटर वाजतो. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीत स्प्रिंकलर चालले अशा चारपैकी तीनपेक्षा जास्त आगींत एकच हेड उघडलेलं आढळतं. सगळी नोझल एकदम वाहतात अशी यंत्रणा असते, पण ती वेगळी. तिला डिल्यूज म्हणतात, तिच्या नोझलना बल्बच नसतो, आणि ती मोठ्या ट्रान्सफॉर्मरसारख्या ठिकाणी मुद्दाम लावतात.

मग आग नसताना हे एक हेड का उघडलं? पहिला संशय उष्णतेचा. त्या केबिनमध्ये हीटर नव्हता, हॅलोजनचा दिवा नव्हता. शेजारच्या एलईडी पॅनेलचं प्लास्टिक तडकलेलं किंवा पिवळं पडलेलं नव्हतं, सीलिंगच्या टाइलवर काजळीचा डाग नव्हता. उष्णतेचा मुद्दा तिथे मिटला. पण विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात हाच संशय मी सर्वांत आधी धरला असता. नियम असा की जागेच्या सर्वाधिक अपेक्षित तापमानापेक्षा हेडचं रेटिंग किमान 30 अंशांनी जास्त हवं. बाहेर 46-47 अंश असताना उघड्या पत्र्याखाली हवा सहज त्याहून गरम असते, आणि तिथे लाल बल्बला पुरेसं अंतर उरत नाही. तिथे हिरवा लागतो. भटारखान्यात, बॉयलरजवळ, काचेच्या छताखालीही तसंच.

उघडलेलं हेड काढून पाहिलं तेव्हा उत्तर हातात आलं. बल्बला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या पितळी भुजांवर दातेरी पान्याचे ओरखडे होते. या केबिनसाठी पार्टिशन घालताना चार हेडची जागा बदलली होती, आणि ते काम फर्निचरवाल्याच्या माणसांनी केलं होतं. उरलेली तिन्ही हेड आम्ही मागून टॉर्च धरून तपासली. एक ठीक होतं. एकात बुडबुडा अर्ध्या बल्बएवढा झाला होता. तिसऱ्यातला द्रव जवळजवळ निघून गेला होता, बल्ब पारदर्शक दिसत होता. दोन्हीकडे तेच ओरखडे. चांगल्या बल्बमध्ये थंड असताना बुडबुडा लहानच दिसतो. तो मोठा झाला असेल किंवा रंग गेला असेल तर काचेला सूक्ष्म चीर गेलेली आहे.

हेड फिरवायचा खास पाना असतो. तो भुजांना न धरता आट्याजवळच्या चपट्या भागाला धरतो. अर्धा इंची आट्याला साधारण 10 ते 20 न्यूटन-मीटरचा जोर पुरतो. 18 इंची पाइप पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर लावला, आणि एवढा जोर माणूस विचार न करता लावतो, तर होतात सुमारे 90. त्यात पाना भुजांवर लावला की भुजा वाकतात आणि मधला बल्ब चेपतो. नव्या हेडवर प्लास्टिकचं रंगीत संरक्षक कवच येतं. ते हेड घट्ट बसल्यावर, शेवटी हाताने काढायचं असतं. इथे ती कवचं आधीच काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलेली सापडली.

लोकांना पटत नाही ती गोष्ट पुढची आहे. पान्याचा दाब पडला त्या दिवशी बल्ब फुटला नाही. भुजांच्या टोकाचा स्क्रू आणि आतून पाण्याचा दाब, या दोन्हींमध्ये बल्ब कायम आवळलेला असतो. त्याला चीर गेली की ती सावकाश वाढत राहते आणि आठवड्यांनंतर, कधी महिन्यांनंतर, शांत रात्री फुटते. म्हणून "काहीच कारण नसताना फुटलं" असं म्हटलं जातं, आणि ज्याने चूक केली तो माणूस तोवर दुसऱ्या साइटवर असतो. ज्यांना अपघाती म्हणतात त्या घटनांमागे मला बहुतेक वेळा असंच कारण दिसतं: शिडीचा धक्का, फोर्कलिफ्ट, हॉटेलच्या खोलीत हेडला अडकवलेला हँगर, चुकीचा पाना.

पाणी किती गेलं याचा हिशोबही लागला. अलार्म पॅनेलच्या नोंदीत त्या मजल्याचा फ्लो स्विच, म्हणजे पाइपात पाणी वाहू लागल्याची खबर देणारा स्विच, 1:12 ला लागला होता आणि मजल्याचा व्हॉल्व्ह 1:50 ला बंद झाला. 38 मिनिटं गुणिले 160, म्हणजे 6,080 लिटर. 5 बाय 6 मीटरच्या जमिनीखालच्या टाकीत पातळी 20 सेंटीमीटरने उतरली होती, म्हणजे 6,000. दोन्ही आकडे जुळले.

नुकसान वाढवलं ते या 38 मिनिटांनी. रक्षकाने हूटर बंद केला, मुख्य पंप चालू नाही हे पाहून खोटा अलार्म समजला. पाणी जिन्यात आल्यावर तो व्हॉल्व्हकडे धावला, तर साखळीचं कुलूप, आणि किल्ली ऑफिसच्या कपाटात. जॉकी बंद करूनही भागलं नसतं, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणी याच पाइपात उतरतं. शेवटी जिन्याजवळच्या शाफ्टमधला व्हॉल्व्ह बंद केल्यावरही हेडमधून धार चालूच होती. मजल्याचा ड्रेन उघडल्यावर ती थांबली, कारण आडव्या पाइपातलं पाणी तोवर उतरतच राहतं.

सकाळी व्यवस्थापकांनी विचारलं, "तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह कायमचा बंद ठेवला तर?" त्यांचा संताप मला समजत होता, संगणक भिजले होते. पण स्प्रिंकलर आगीत चालले नाहीत अशा घटनांत सर्वांत मोठं कारण हेच आढळतं की पाणी कोणीतरी आधीच बंद करून ठेवलेलं होतं. आणि एका हेडच्या 160 लिटरशी तुलना करायची ती अग्निशमन दलाच्या नळीशी: 20 मिलिमीटरच्या नोझलमधून 7 बारला मिनिटाला 700 लिटरच्या आसपास पाणी जातं, तेही आग वाढल्यानंतर.

त्यामुळे त्याच दिवशी चारही हेड बदलली. जे ठीक दिसत होतं तेही, कारण त्याच हातांनी ते बसवलं होतं. एकदा काढलेलं हेड परत बसवत नाहीत. हवा काढत पाइप हळूहळू भरला, व्हॉल्व्ह उघडून कुलूप लावलं, आणि किल्ली काच फोडून घेता येईल अशा पेटीत व्हॉल्व्हशेजारीच ठेवली. मजल्याच्या टोकाला एक चाचणी व्हॉल्व्ह असतो, त्याचं भोक एका हेडएवढंच असतं. तो उघडला तेव्हा पॅनेलवर अलार्म 40 सेकंदांत आला. मग रात्रपाळीच्या दोन रक्षकांकडून व्हॉल्व्ह बंद करणं आणि ड्रेन उघडणं प्रत्यक्ष करून घेतलं. पंपघरात सहा सुटी हेड आणि तो खास पाना असलेली पेटी टांगली, आणि फर्निचरच्या कंत्राटात एक ओळ वाढवून घेतली की हेडला हात लावायचा असेल तर आमचा माणूस समोर हवा.